तपकीर गल्लीत मोबाईलचं दुकान टाकताय? बोर्ड रंगवायच्या आधीची तयारी

माझा मावसभाऊ पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ छोटा गाळा घेतोय, फोल्डर म्हणजे टचसकट डिस्प्ले बदलणं, चार्जिंग जॅक, बॅटरी आणि समोर काउंटरवर टेम्पर-कव्हर-केबल. नाव त्याने आधीच ठरवलं होतं, साई मोबाईल. श्रद्धा आहे, ठीक आहे, पण त्या भागात फिरलेल्या माणसाला माहितीये की साई, श्री गणेश, ओम, बालाजी ही नावं आणि त्यांच्या मागे मोबाईल शॉपी, पॉईंट, झोन, वर्ल्ड, केअर, हब यातलं काहीतरी, असे बोर्ड किती आहेत. म्हणून आम्ही बसून ही तयारी काढली, तुमच्या कामाला येईल म्हणून इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा की रिपेअरचं गिऱ्हाईक दोनदा येतं. कव्हर घेणारा घेऊन निघून जातो, त्याला दुकानाचं नाव नाही कळलं तरी चालतं, पण फोल्डर बदलायला दिलेला माणूस सकाळी फोन ठेवून जातो आणि संध्याकाळी त्याला तेच दुकान परत शोधायचं असतं, तेही बऱ्याचदा हातात फोन नसताना. आणि महिन्याभरात टच चालेनासा झाला की वॉरंटीसाठी पुन्हा. तेव्हा "ते साई का कायतरी होतं" म्हणत तो चौथ्याच दुकानात जाऊन भांडतो, किंवा मॅपवर भलत्याच साईला एक स्टार देऊन येतो, आणि दुसऱ्याच्या खराब कामाचा स्टार तुमच्या खात्यात पडतो तो असाच. नाव निवडताना हाच माणूस डोळ्यासमोर ठेवायचा.

म्हणून पहिलं काम, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंच्या बोर्डांचे फोटो काढा, वरच्या मजल्यावरचे पण, आणि घरी येऊन सगळी नावं वहीत उतरवा. मग त्यातले मोबाईल, रिपेअरिंग, अॅक्सेसरीज, शॉपी, सेंटर हे शब्द खोडा. जे उरेल तेच खरं नाव. बऱ्याच बोर्डांवर देवाचं नाव सोडून काही उरतच नाही, हे वहीत बघितल्यावर मावसभावाला लगेच पटलं. तुमच्या नावातला जो एक शब्द उरणार आहे तो या वहीत कुठेही नसावा, आणि कानाला सारखा वाटेल असाही नसावा, म्हणजे फिक्सझोन आहे म्हणून फिक्सझेन नको.

दुसरं, नाव फोनवर सांगून बघा. गल्लीतच उभं राहून, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, घरातल्या वयस्कर माणसाला फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं आणि त्यांना ते लिहून घ्यायला लावायचं. मग तेच एखाद्या हिंदी बोलणाऱ्या ओळखीच्याला, कारण बाजारात येणारे सगळे मराठी नसतात. आमच्याकडे एक छान नाव आलं होतं, चिमणी मोबाईल. गोड आहे, बोर्डावर चित्र काढता येतं, पण हिंदीवाल्याला ऐकू येते ती स्वयंपाकघरातली चिमणी आणि इंग्रजीत टाईप करताना लोक chimney repair लिहिणार, मग समोर येणार किचन चिमणी साफ करणारे. तिथेच ते नाव बाद झालं. त्यानंतर डमरू आलं. मराठी-हिंदी दोन्हीत तोच अर्थ, तीनच अक्षरं, लहान पोरालाही चित्र काढता येतं. फक्त इंग्रजी स्पेलिंग Damru आणि Damaru दोन्ही होतात, म्हणून त्यातलं एक आजच पक्कं करायचं आणि बोर्ड, बिल, इन्स्टा, मॅप सगळीकडे तेच ठेवायचं.

तिसरं, कुणाच्या ब्रँडच्या जवळ जाऊ नका. आयफोनवाल्या कंपनीच्या नावासारखं नाव किंवा तो सफरचंदाचा लोगो बोर्डावर टाकायची इच्छा सगळ्यांनाच होते. "इथे आयफोन, सॅमसंग, विवो दुरुस्त होतात" असं साध्या अक्षरात खरी माहिती म्हणून लिहिणं वेगळं, आणि दुकानाचं नाव किंवा लोगोच असा ठेवणं की लोकांना कंपनीचंच सेंटर वाटेल हे वेगळं. दुसरं केलंत तर ट्रेडमार्क कायद्यात अडकता, ऑथोराइज्ड हा शब्द तर कागद हातात असल्याशिवाय लिहूच नका. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव धंद्याच्या नावात घ्यायची इच्छा कितीही मनापासून असली तरी 1950 च्या बोधचिन्ह आणि नावांच्या कायद्याच्या यादीत ते नाव आहे, परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही.

मग ट्रेडमार्कच्या सरकारी साईटवर पब्लिक सर्च करा, फुकट आहे. वर्डमार्कमध्ये नाव टाकून बघा, आणि उच्चारावरून शोधायचा पर्याय पण आहे, तो नक्की वापरा. वर्ग 37 म्हणजे दुरुस्ती, 9 म्हणजे चार्जर-केबलसारखा माल, 35 म्हणजे दुकानदारी, तिन्हीत बघायचं. साई किंवा मोबाईल केअरसारख्या नावावर एकट्याचा हक्क मिळणं अवघड असतं हेही इथेच लक्षात येतं. रजिस्टर लगेच करायलाच पाहिजे असं नाही, एकट्या मालकाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4500 रुपये लागतात, माझ्या मते आधी 37 मध्ये करावं, बाकीचं धंदा बसल्यावर. पण सर्च सोडायचा नाही. डमरूसोबत अजून दोन नावं आम्ही मुद्दाम बाजूला ठेवलीयेत, सर्चमध्ये अडलं तर हाताशी असावीत म्हणून.

बोर्डाचं आधी कागदावर माप काढा. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानालाही मराठी देवनागरी नाव आधी लागतं आणि ते अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे जागा देवनागरीसाठी धरून चाला. गाळा आठ फूट रुंद म्हणजे 96 इंच. "श्री साई समर्थ मोबाईल रिपेअरिंग अँड अॅक्सेसरीज" एका ओळीत बसवलं तर एका अक्षराला चार-पाच इंचसुद्धा नीट येत नाहीत, आणि "डमरू" फूटभर उंच घेतलं तरी निम्म्याच्या आसपास बोर्ड मोकळा राहतो, तिथे खाली "मोबाईल रिपेअर" आणि फोन नंबर. गल्लीत लोक बोर्डाला समांतर चालतात, समोरून नाही बघत, म्हणून भिंतीतून बाहेर आलेला छोटा दोन्ही बाजूंनी दिसणारा बोर्ड जास्त कामाचा, पण तो लावायच्या आधी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात विचारून घ्या.

शेवटी कागद. शॉप अॅक्टची ऑनलाइन नोंद, उद्यम, लागत असेल तर जीएसटीमधलं व्यापारी नाव, बँकेचं चालू खातं, सगळीकडे अक्षरन् अक्षर एकच नाव, कारण बँक यातलीच कागदं मागते, आणि क्यूआर स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला बोर्डापेक्षा वेगळंच नाव दिसलं तर तो थांबून विचारतो "हे कुणाचं खातं?" गुगल मॅपवर बोर्डावर आहे तेवढंच नाव टाका. "डमरू मोबाईल बेस्ट आयफोन रिपेअर पुणे" असं लांबवलं तर ते त्यांच्या नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद होऊ शकतं, आणि व्हेरिफिकेशनला बऱ्याचदा व्हिडिओत बोर्ड दाखवावा लागतो. म्हणून आधी बोर्ड, मग मॅप. आणि फोन ठेवून घेताना जे जॉब कार्ड देता त्यावर नाव मोठ्ठं, डमरूचं चित्र आणि जवळची खूण, पासोड्या विठोबाच्या मंदिरापासून कुठे वळायचं ते छापून घ्या, संध्याकाळी तोच कागद हातात धरून माणूस तुमच्यापर्यंत येणार आहे. पण जॉब कार्डची पहिली पुस्तकं थोडीच छापा, सर्चमध्ये नाव मोकळं आहे याची खात्री झाल्यावरच.