∞ − ∞ चं लिमिट सोडवायला बसण्याआधी

१/sin²x − १/x² चं x→0 ला लिमिट काढा, हा प्रश्न दिसला की बरेच जण ∞ − ∞ म्हणजे 0 लिहून मोकळे होतात, उत्तर खरं तर 1/3 आहे. म्हणून हे गणित हातात घ्यायच्या आधी काय काय बघून ठेवायचं ते याच उदाहरणावर सांगतो.

पहिलं म्हणजे लोपितालचा नियम (आपल्याकडे सगळे एल हॉस्पिटलच म्हणतात, चालतंय) थेट ∞ − ∞ ला लागतच नाही. तो भागाकाराला लागतो, तेही 0/0 किंवा ∞/∞ असेल तरच, त्यामुळे वजाबाकीचा आधी एकच अपूर्णांक करून घ्यायचा. आणि ते करायच्याही आधी दोन्ही पदांची चिन्हं बघून घ्या, कारण एक पद +∞ कडे आणि दुसरं −∞ कडे जात असेल तर वजाबाकी केल्यावर ∞ + ∞ होतं, ते सरळ अनंत, तिथे काही करायचंच नसतं. आपल्याकडे दोन्ही पदं +∞ कडे जातात, म्हणजे खरंच अडकलोय. छेद सारखा केला की असं होतं:

```
(x² − sin²x) / (x² sin²x)
```

x = 0 टाकला की वर 0, खाली 0. आता लगेच डेरिव्हेटिव्ह घ्यायचा मोह होतो पण जरा थांबा, खालच्या x² sin²x चं चार वेळा डिफरन्शिएशन करायला गेलात तर पान भरेल आणि मध्ये कुठेतरी 2 राहून जाईल. इथे खरी तयारी ही की जे पद शून्याकडे जाताना आधीच माहीत असलेल्या लिमिटसारखं वागतं ते बाजूला काढायचं. sin x / x → 1 हे माहीत आहे, म्हणून वरचंच असं लिहा:

```
[(x² − sin²x) / x⁴] · (x / sin x)²
```

दुसरा कंस 1 कडे जातो, त्याला आता हात लावायचा नाही. राहिला पहिला, आणि त्याचा छेद x⁴ इतका साधा झालाय की चौथ्यांदा डेरिव्हेटिव्ह घेतला की नुसता आकडा उरणार हे आधीच दिसतं.

आता अंश आणि छेद वेगवेगळे डिफरन्शिएट करायचे, भागाकाराचा नियम (u/v वाला) इथे लावायचा नाही, ही चूक मी स्वतः कितीतरी वेळा केलीये. sin²x चं डेरिव्हेटिव्ह sin 2x लिहून ठेवा, म्हणजे पुढे सोपं जातं:

```
(2x − sin 2x) / 4x³
(2 − 2cos 2x) / 12x²
(4 sin 2x) / 24x
(8 cos 2x) / 24
```

प्रत्येक ओळीनंतर पुढे जायच्या आधी x = 0 टाकून बघायचंच. पहिल्या तीन ओळी 0/0 देतात म्हणून पुढे जायला परवानगी, चौथी 8/24 देते म्हणजे 1/3, इथे थांबायचं. (तिसऱ्या ओळीला sin 2x / 2x वापरूनही तेच येतं, ज्याला घाई आहे त्याने तिथेच उतरावं.)

न थांबल्याने काय होतं ते बघा. (x² − 1)/(x² − x) चं x→1 ला 0/0 येतं, एकदा केलं की 2x/(2x − 1), उत्तर 2. पण सवयीने अजून एकदा केलं तर 2/2 म्हणजे 1, चूक, आणि ते 1 इतकं निरागस दिसतं की कोणाला संशयही येत नाही. पहिल्या डिफरन्शिएशननंतर छेद 1 झाला होता, म्हणजे 0/0 राहिलंच नव्हतं.

उलटी अडचणही असते. x² sin(1/x) / sin x घ्या, x→0 ला 0/0 आहे, पण डेरिव्हेटिव्हच्या भागाकारात cos(1/x) येतो जो नुसता हेलकावे खातो, लिमिटच नाही. म्हणून मूळचं लिमिट नाही असं लिहू नका, ते आहे, 0 आहे, फक्त नियम इथे काही सांगू शकत नाही. x · sin(1/x) ला x / sin x ने गुणलं की लगेच दिसतं.

शेवटी पडताळणीला कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, डिग्रीवर राहिला तर काहीच्या काही येईल. x = 0.1 टाकलं की आपल्या उदाहरणाला 0.334 येतं, 1/3 च्या जवळ, बरोबर. पण जास्त जवळ जाऊ म्हणून x = 0.000001 टाकू नका, तिथे दोन्ही पदं 10¹² च्या आसपास असतात, साध्या कॅल्क्युलेटरला तेवढे आकडे जपताच येत नाहीत आणि वजाबाकी 0 दाखवली जाते.