परदेशी पेरेंटचे पैसे आधी, कागद नंतर? उपकंपनी काढताना या चुका टाळा

पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करताना मला वर्षातून सात-आठ वेळा तरी हा फोन येतो: "मॅडम, पेरेंटने पैसे पाठवलेत. आता काय करायचं?" हा प्रश्न पैसे येण्याआधी महिनाभर विचारला असता तर अर्ध्याहून जास्त प्रकरणं माझ्या टेबलावर आलीच नसती. परदेशी कंपनीला भारतात शंभर टक्के मालकीची कंपनी काढणं आज बहुतेक क्षेत्रांत सोपं आहे. ऑटोमॅटिक रूट असेल तर कोणाची पूर्वपरवानगीही लागत नाही. पण परवानगी लागत नाही याचा अर्थ नियम नाहीत असा लोक काढतात, आणि सगळं तिथूनच बिघडतं.

पैसे आले म्हणजे भांडवल आलं, असं समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती शंभर टक्के टाळता येते.

परदेशातून शेअरसाठी पैसे आले की त्या दिवसापासून ६० दिवसांत शेअर अलॉट झाले पाहिजेत. झाले नाहीत, तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत पाठवायचे. अलॉटमेंट झाली की त्या तारखेपासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची माहिती देणारा फॉर्म भरायचा. ही दोन वेगळी घड्याळं आहेत. पहिलं पैसे जमा झाल्यावर सुरू होतं, दुसरं अलॉटमेंटनंतर. लोकांना दुसरं ठाऊक असतं, पहिलं नसतं.

एक प्रकरण सविस्तर सांगते. चाकणजवळ शेड घेऊन यंत्रांची जुळणी करणारी कंपनी, पेरेंट युरोपातली. कंपनी नोंदवून देणाऱ्या एका स्वस्त पॅकेजमधून सगळं झालेलं. अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर देण्याची कमाल मर्यादा, १० लाख. ६ जानेवारीला पेरेंटने सुमारे ४ कोटी रुपये पाठवले, कारण तिकडच्या वित्त विभागाला वर्षाचं बजेट लवकर वापरायचं होतं. इथल्या संचालकांनी शेडचं डिपॉझिट भरलं, पगार सुरू केले, मशिनला ॲडव्हान्स दिला. मला फोन आला २ एप्रिलला, तोही ऑडिटरने विचारलं म्हणून. मी टॅली उघडायला सांगितलं. ४ कोटी "एचओ ॲडव्हान्स" नावाच्या खात्यात पडलेले होते.

आता दिवस मोजा. ६ जानेवारीपासून ६० दिवस ७ मार्चला संपले. पैसे परत करायची मुदत २२ मार्चला संपली. फोन आला तो ८६ वा दिवस होता आणि त्यातले १ कोटी ३५ लाख खर्च झालेले. परत पाठवणार काय?

त्यावर संचालकांनी सुचवलं, "मग हे लोन दाखवू या." हा शॉर्टकट मी इतक्यांदा ऐकलाय की ऐकताक्षणी थांबवते. परदेशी कर्ज म्हणजे ईसीबी, आणि त्यासाठी पैसे उचलण्याआधी रिझर्व्ह बँकेकडून लोन रजिस्ट्रेशन नंबर घ्यावा लागतो. शेअरसाठी आलेल्या पैशांना नंतर पुस्तकात कर्ज म्हणून लिहिलं की एका चुकीच्या दोन होतात.

शेवटी शेअर अलॉट झाले ३० एप्रिलला, ११४ व्या दिवशी. मधला वेळ का गेला? ४ कोटींचे शेअर द्यायचे तर आधी अधिकृत भांडवल वाढवावं लागतं. त्याला सर्वसाधारण सभा लागते. सभेच्या नोटिशीला पूर्ण २१ दिवस नाहीतर भागधारकांची कमी मुदतीला संमती लागते, आणि भागधारक सगळे परदेशात. शिवाय परदेशी गुंतवणूकदाराला फेअर व्हॅल्यूपेक्षा कमी भावात शेअर देता येत नाहीत, म्हणून व्हॅल्युएशन सर्टिफिकेट हवं. यातलं एकही काम अवघड नव्हतं. सगळी डिसेंबरमध्ये झाली असती.

एफसी-जीपीआर आम्ही मुदतीत भरला. पण ६० दिवसांचा भंग त्याने पुसला जात नाही. फॉर्म उशिरा भरला तर लेट सबमिशन फी भरून सुटका होते, शेअरच उशिरा दिले तर होत नाही. त्यासाठी फेमा या परकीय चलन कायद्याखाली कंपाउंडिंगचा, म्हणजे भंग कबूल करून पैसे भरून प्रकरण मिटवण्याचा अर्ज करावा लागला. कायद्याच्या कलम १३ नुसार दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात तेवढा झाला नाही, पण पेरेंटच्या बोर्डाला "भारतात आपल्याकडून परकीय चलन कायद्याचा भंग झाला" हे इतिवृत्तात लिहावं लागलं. त्या संचालकांना तेच सगळ्यात जास्त लागलं.

माझी सवय आता ठरलेली आहे. अधिकृत भांडवल पुरेसं आहे, व्हॅल्युएशन तयार आहे, ऑफर लेटरचा मसुदा झालाय आणि फर्म्सवर एंटिटी मास्टर व बिझनेस युजर मंजूर आहेत, हे चारही झाल्याशिवाय मी पेरेंटला बँकेचे तपशील पाठवतच नाही. घाई असेल तर घाई कागदांची करा. आणि प्रायव्हेट प्लेसमेंटने शेअर देत असाल तर कंपनी कायद्याच्या कलम ४२ नुसार अलॉटमेंट होऊन तिची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म भरेपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही, ही गोष्ट पगार सुरू करण्याआधी लक्षात घ्या.

यात एक नवी अडचण वाढली आहे. परदेशी कंपनीची उपकंपनी कितीही छोटी असली तरी कंपनी कायद्याच्या व्याख्येत "स्मॉल कंपनी" ठरत नाही. त्यामुळे शेअर डीमॅट करण्याचा नियम तिला लागतो. नव्या कंपनीला पहिलं आर्थिक वर्ष संपल्यावर १८ महिने मिळतात, पण त्यानंतरचे शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात. म्हणजे पेरेंटचा पॅन आणि पेरेंटचं डीमॅट खातं. परदेशी कंपनीचं खातं उघडायला आठवडे जातात, आणि ६० दिवस त्यासाठी थांबत नाहीत.

पाठवणारा एक, शेअरधारक दुसरा

शेअर घेणार पेरेंट, पण पैसे आले ग्रुपमधल्या दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून, कारण "ट्रेझरी तिकडून चालते". तिकडे ही रोजची पद्धत असेल, इथे बँक लगेच अडवते. एफसी-जीपीआरसोबत पैसे आल्याचा दाखला आणि पाठवणाऱ्याच्या बँकेकडून आलेला केवायसी अहवाल जोडावा लागतो, आणि त्यावरचं नाव जुळलं नाही की पत्रव्यवहार सुरू. मी पेरेंटच्या वित्त विभागाला एका पानाची सूचना पाठवते: रक्कम पेरेंटच्याच खात्यातून येईल, संदेशात "इक्विटी शेअरमध्ये गुंतवणूक" असं लिहिलेलं असेल, आणि बँक शुल्क `OUR` असेल, म्हणजे सगळं शुल्क पाठवणारा भरेल. पैसे कशासाठी आले हे दाखवणारा पर्पज कोड इथल्या बँकेला `P0006` सांगायचा. एका ठिकाणी तिकडच्या क्लार्कने सवयीने "सर्व्हिस फी" लिहिलं आणि बँकेने पैसे सॉफ्टवेअर सेवेच्या कोडखाली जमा केले. तो कोड बदलून घ्यायला सहा आठवडे गेले.

`OUR` का, तर मधल्या बँका आपलं शुल्क कापतात. ४ कोटींऐवजी ३,९९,९८,२३० रुपये येतात, आणि १० रुपयांचा शेअर असेल तर ठरलेल्या ४० लाख शेअरना पैसे पुरत नाहीत. मी थोडी जास्त रक्कम मागवते, पूर्ण शेअर बसतील तेवढे देते आणि उरलेले पैसे मुदतीत परत पाठवते.

पहिल्या एक लाखाचा फॉर्म विसरणं

कंपनी नोंदवताना मेमोरँडमवर पेरेंटची सही असते, बँक खातं उघडल्यावर तिचे एक लाख येतात, आणि "एवढ्याशा रकमेला कुठे एफसी-जीपीआर" म्हणून सगळे पुढे जातात. लागतो. किमान रकमेची सूट नाही. दोन वर्षांनी मोठी रक्कम आली की फॉर्ममध्ये आधीचं भागभांडवल भरावं लागतं, आणि तिथे ते एक लाख उघडे पडतात. उशिराच्या फीचं गणित असं आहे:

```
7,500 + (0.025% × रक्कम × उशिराची वर्षं)
```

४ कोटींना सहा महिने उशीर झाला तर ७,५०० अधिक ५,००० म्हणजे १२,५०० रुपये. रक्कम एक लाख असेल तर जवळजवळ फक्त ७,५०० च. पण ही सोय मुदत संपल्यापासून तीन वर्षंच आहे. त्यानंतर एक लाखासाठीही कंपाउंडिंग.

क्षेत्र नावावरून ठरवणं

"आम्ही ट्रेडिंग करतो, ट्रेडिंगला शंभर टक्के आहे ना?" घाऊक व्यापाराला आहे. वेगवेगळ्या ब्रँडच्या वस्तू थेट ग्राहकाला दुकानातून विकायच्या असतील तर तो मल्टि-ब्रँड रिटेल होतो: कमाल ५१ टक्के, सरकारची मंजुरी आणि वर अनेक अटी. एकाच ब्रँडचं रिटेल शंभर टक्के ऑटोमॅटिक आहे, पण परदेशी वाटा ५१ टक्क्यांच्या वर गेला की ३० टक्के माल भारतातून घ्यावा लागतो. आणि स्वतःकडे माल साठवून वेबसाइटवर वेगवेगळे ब्रँड विकणारं ई-कॉमर्स परदेशी पैशाला बंद आहे, मार्केटप्लेस चालतं. एका संस्थापकाने मला बिझनेस प्लॅन दाखवला, त्यात घाऊक, वेबसाइट आणि "पुढे दोन स्टोअर" हे सगळं एकाच कंपनीत होतं. मी त्याला म्हटलं, आधी बिल कोणाच्या नावावर निघणार ते सांग. जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्याच्या, की घरी नेणाऱ्या ग्राहकाच्या? ज्या नावावर बिल, ते तुमचं क्षेत्र. मेमोरँडममधला उद्देश त्यानंतर लिहायचा. घाईत "सर्व प्रकारचा व्यापार" लिहून ठेवलेल्या कंपन्यांना बँक नेमकं हेच विचारते.

पेरेंट सिंगापूरची किंवा मॉरिशसची असली तरी तिच्यामागे खरा मालक कोण हे विचारा. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातली कंपनी किंवा तिथला लाभार्थी मालक असेल तर एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ पासून ऑटोमॅटिक रूट आपोआप मिळत नाही. हे मी पहिल्याच कॉलमध्ये विचारते, क्लायंट नाराज झाला तरी.

परदेशी गुंतवणुकीची वार्षिक माहिती रिझर्व्ह बँकेला देणारा एफएलए रिटर्न दर वर्षी १५ जुलैपर्यंत. त्या वर्षी एक रुपयाही आला नसला, तरी जुनी परदेशी गुंतवणूक शिल्लक असेल तर भरायचाच.

परदेशी मालकीच्या तुमच्या कंपनीने दुसऱ्या भारतीय कंपनीचे शेअर घेतले तर तीही परदेशी गुंतवणूकच धरली जाते. तिथेही क्षेत्राची मर्यादा पाहा आणि अलॉटमेंटपासून ३० दिवसांत डीआय फॉर्म भरा.