चौघांचे शेरे, दुरुस्तीची यादी एक: हळदीच्या पाऊचचा अनुभव

सांगली-मिरजेत पॅकेजिंग डिझाइनचं काम सुरू केलंत, तर पहिली गिऱ्हाइकं बहुतेक हळद, बेदाणा किंवा मसाला विकणारी घरची कंपनी असते. डिझाइन सगळ्यांना दाखवलं जातं, सगळे बोलतात, आणि 'फायनल' कोण म्हणणार हे कुणीच ठरवलेलं नसतं. शिकताना आपल्याला रंग, अक्षर, मांडणी शिकवतात. चार माणसांचे एकमेकांना छेद देणारे शेरे आले तर काय करायचं, हे काम करतानाच शिकावं लागतं. मी ते एका २०० ग्रॅम हळदीच्या पाऊचवर शिकले. तेच काम इथे सविस्तर सांगते.

कंपनी मार्केट यार्डाच्या बाजूची. मालक अण्णा. विक्री बघणारा मुलगा, त्याला सगळे दादा म्हणतात. हिशेब आणि लायसन्सची कागदपत्रं बघणाऱ्या वहिनी. पॅकिंग मशीनवरचे सुपरवायझर मामा. दुसरा ड्राफ्ट पाठवल्यावर अण्णांचा व्हॉइस मेसेज आला, दादांनी पेनाने खुणा केलेला फोटो पाठवला, वहिनींनी मेल केला आणि मामांनी फोन.

अशा वेळी लगेच फाइल उघडून बदल करायला बसू नका. आधी सगळे शेरे एका शीटवर जसेच्या तसे उतरवा. व्हॉइस मेसेज ऐकून बोललेलेच शब्द लिहा, फोनवरचं बोलणं फोन ठेवल्या ठेवल्या टिपून घ्या. 'रंग उजळ हवा' असं आपल्या भाषेत लिहिलं, तर अण्णांचं 'हळद हळदीसारखी दिसंना झालीय' हे वाक्य हरवतं. आणि पुढे उपयोगी पडतं ते तेच वाक्य. एका ओळीत एकच मुद्दा, शेजारी कुणी सांगितलं ते, आणि कोणता ड्राफ्ट बघून सांगितलं ते.

हा शेवटचा रकाना बहुतेक नवशिके गाळतात. अण्णा व्हॉट्सअ‍ॅपवर वर सरकून पहिलाच ड्राफ्ट बघत होते, आणि तोही फोटो म्हणून गेल्यामुळे दाबला गेलेला. म्हणजे 'अक्षरं बारीक आहेत' आणि 'अक्षरं आता बरोबर आहेत' हा वाद नव्हताच, दोघांसमोर वेगवेगळी चित्रं होती. तेव्हापासून मी पीडीएफच पाठवते, 'डॉक्युमेंट' म्हणून, आणि फाइलच्या नावात ड्राफ्टचा आकडा घालते: `halad_200g_v3.pdf`. तोच आकडा पानाच्या कोपऱ्यातही छापते, कारण पुढे पाठवताना लोक नाव बदलतात.

शीट भरल्यावर ओळी माणसांप्रमाणे न लावता पाऊचवरच्या जागेप्रमाणे लावायच्या: पुढची बाजू वर, मध्ये, खाली, मग मागची बाजू. असं केलं की तोच मुद्दा तिघांनी तीन प्रकारे सांगितलेला शेजारी शेजारी येतो आणि यादी आपोआप आखडते. उरतात ते खरे तिढे. ते सगळे एकाच जातीचे नसतात, आणि प्रत्येक जात वेगळ्या रीतीने सुटते.

पहिली जात सगळ्यात सोपी. दादांना पुढची बाजू 'क्लीन' हवी होती, म्हणून हिरव्या ठिपक्याचं शाकाहारी चिन्ह मागे न्या म्हणाले. वहिनी म्हणाल्या, पुढेच ठेवा. इथे कुणाची आवड विचारायची गरजच नाही. अन्न लेबलच्या नियमांनुसार हे चिन्ह मुख्य दर्शनी भागावर, उत्पादनाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळच हवं. आकारही ठरलेला आहे. आमच्या पाऊचचा पुढचा भाग १३ गुणिले १८, म्हणजे २३४ चौरस सेंटीमीटर. १०० ते ५०० चौरस सेंटीमीटरच्या दर्शनी भागाला ठिपक्याचा व्यास किमान ४ मिलिमीटर, आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट, म्हणजे ८. यादीत मी लिहिलं: 'चिन्ह पुढेच, ठिपका ४ मिमी, कारण नियम.' दादांनी त्यावर एक शब्द काढला नाही. नियम सांगायचा तर आकड्यासकट सांगावा. 'असं चालत नाही' एवढंच म्हटलं की समोरचा वाद घालतो.

दुसरी जात रंगाची, आणि तिथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. अण्णांचं म्हणणं, पिवळा अजून गडद करा. दादांचं म्हणणं, आत्ताच भडक आहे, स्वस्त माल वाटतो. दोन्ही ऐकून मधला पिवळा काढायचा मोह होतो. तो टाळा, त्यात दोघंही नाराज होतात. अण्णा काय किंवा दादा काय, सांगत होते तो उपाय होता. दुखणं कुणीच सांगितलं नव्हतं. मी दोघांना एकच प्रश्न विचारला: हे पाऊच तुम्ही कुठे ठेवलेलं डोळ्यासमोर आणताय? अण्णा म्हणाले, 'किराणा दुकानात वर लटकवलेलं असतंय, गिऱ्हाइकाला लांबनं कळाय पायजे हळद हाय म्हणून.' दादांच्या डोळ्यासमोर होतं ऑनलाइन विक्रीच्या पानावरचं पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं चित्र, शेजारी चार मोठे ब्रँड. एकाला लांबून ओळख हवी होती, दुसऱ्याला भारदस्तपणा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. पार्श्वभूमी मी क्रीम केली, पिवळा फक्त हळदीच्या ढिगाच्या चित्रात ठेवला, पण तिथे भरपूर. 'हळद' हे नाव मोठं आणि गडद तपकिरी.

रंगाबद्दल आणखी एक. कुणी रंगावर शेरा दिला की कशावर बघितला ते विचाराच. अण्णांचा फोन ब्राइटनेस कमी करून ठेवलेला, दादांचा लॅपटॉप पूर्ण उजेडात. छापताना तर तिसराच रंग येतो, कारण पाऊच प्लास्टिक फिल्मवर, रंगांमागे पांढरा थर देऊन छापतात. म्हणून यादीत 'पिवळा थोडा गडद' असं लिहिण्यात अर्थ नसतो. 'प्रिंटरच्या शेडकार्डवरची अमुक नंबरची पिवळी, कागदी नमुना दिवसाच्या उजेडात बघून अण्णांची सही' अशी ओळ लिहावी.

तिसरी जात जागेची. मामा म्हणाले, मागे उजवीकडे कोरी जागा सोडा, बॅच नंबर, तारीख आणि एमआरपी मशीनवर छापायची आहे. दादांना तिथेच क्यूआर कोड हवा होता. अण्णांना त्यांच्या वडिलांनी धंदा कसा उभा केला तो आठ ओळींचा मजकूर. डिझाइनच्या फाइलमध्ये मागची बाजू सपाट दिसते, पण पिलो पाऊचच्या मागे मधोमध उभं सील येतं, म्हणजे प्रत्यक्षात डावी-उजवी अशा दोन अरुंद पट्ट्या उरतात. सीलवरून गेलेला क्यूआर कोड स्कॅन होत नाही. हे समजायला मामांच्या मशीनजवळ जाऊन उभं राहावं लागलं. छपाईचं हेड उजव्याच बाजूला बसवलेलं, म्हणजे मामांची मागणी हटणारी नव्हती. उरली डावी पट्टी: क्यूआर कोड दोन सेंटीमीटरचा, आणि अण्णांचा मजकूर आठऐवजी तीन ओळींत. हा बदल मात्र मी स्वतः ठरवला नाही. वडिलांबद्दलचा मजकूर कापायचा की नाही, हे अण्णांनीच सांगायचं.

चौथी जात अशी, की जिचं उत्तर त्या खोलीत कुणाकडेच नसतं. अण्णांना पुढे जीआयचं चिन्ह हवं होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही गोष्ट खरी. पण ते चिन्ह वापरण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यालाच असतो, आणि वहिनींकडे तसा कागद नव्हता. अशी ओळ यादीतून काढूही नये आणि मंजूरही धरू नये. 'प्रलंबित: वहिनी नोंदणीची खात्री करतील, शुक्रवारपर्यंत, तोवर चिन्ह नाही' असं लिहून पुढे सरकायचं.

यानंतर निर्णय देणारं माणूस ठरवून घ्यावं लागतं. खरं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं, पण घरच्या कंपनीत 'शेवटचा शब्द कुणाचा?' असं तोंडावर विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. मी वेगळं विचारते: 'छपाईचे सिलिंडर बनवायच्या कागदावर सही कोण करणार?' त्याचं उत्तर लगेच मिळतं. आमच्याकडे सही अण्णांची होती. मग सगळ्यांना न विचारता, फक्त उरलेले तिढे अण्णांना पाठवले, बाकी तिघांना दिसतील अशा रीतीने. प्रत्येक तिढ्याला दोन पर्याय, माझी शिफारस आणि एक ओळ कारण. 'तुमचं काय मत?' असा मोकळा प्रश्न टाकला की शेऱ्यांची नवी फेरी सुरू होते.

शेवटी गेलेल्या यादीतल्या काही ओळी अशा होत्या:

१. पुढे, वर: 'हळद' नाव गडद तपकिरी, आत्ताच्या दीडपट. मागणी अण्णा, मान्य.
२. पुढे, पार्श्वभूमी: पिवळ्याऐवजी क्रीम. मागणी दादा, निर्णय अण्णा.
३. मागे, उजवी पट्टी: कोडिंगसाठी कोरी पांढरी जागा, माप मामांकडून. मान्य.
४. मागे, डावी पट्टी: क्यूआर कोड २ सेंमी, वर तीन ओळींचा मजकूर. निर्णय अण्णा.
५. पुढे, खाली: जीआय चिन्ह. प्रलंबित, वहिनी.

याच पानावर खाली 'न केलेले बदल' असा छोटा भाग ठेवते. शाकाहारी चिन्ह मागे नेणं तिथे होतं, कारणासकट. हा भाग नसला तर ज्याचं ऐकलं नाही त्याला वाटतं की आपला मेसेज वाचलाच नाही, आणि पुढच्या फेरीत तोच शेरा परत येतो.

सिलिंडरची एवढी काळजी का, तेही सांगते. अशी पाऊच ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात आणि प्रत्येक रंगाला वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो. कोरण्याआधी शब्द बदलणं म्हणजे माझं पाच मिनिटांचं काम. कोरल्यावर तोच शब्द ज्या ज्या रंगात असेल तो तो सिलिंडर नवा. म्हणून बारीक मजकूर मी एकाच रंगात ठेवते. पुढे पत्ता किंवा लायसन्स नंबर बदलला तर एकच सिलिंडर बदलतो. यादीतही प्रत्येक ओळीपुढे तो बदल कोणत्या रंगाला हात लावतो हे लिहिलं, तर प्रिंटरला खर्च सांगणं सोपं जातं आणि मालकालाही कळतं की कोणता हट्ट किती महागात पडेल.

तिसरा ड्राफ्ट पाठवताना यादी सोबत जोडली, आणि पाऊचच्या चित्रावर त्याच आकड्यांच्या खुणा केल्या. शेरे यादीच्या आकड्यानेच द्या, अशी विनंती केली. मामांनी फोन केला, पण 'तीन नंबर पाच मिलिमीटर वर घ्या' एवढंच बोलून ठेवला. दादांचे दोन नवे मुद्दे आले, यादीत नसलेले. ते 'नवी मागणी' म्हणून वेगळ्या पानावर गेले, वेगळ्या दरासह, आणि त्यातला एक त्यांनी स्वतःच मागे घेतला. जीआयची ओळ शुक्रवारी वहिनींनी बंद केली: नोंदणी नाही, चिन्ह नाही, पुढच्या छपाईला बघू. त्यानंतर अण्णांनी कागदी नमुन्यावर सही केली.