चार्जबॅकला उत्तर देताना या चुका टाळा

ग्राहकाने बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागितले, म्हणजे चार्जबॅकचा ईमेल आला, की बरेच जण आधी रिफंडचं बटण दाबतात. भांडण मिटेल असं वाटतं. पण चार्जबॅक नोंदला गेला, की बहुतेक गेटवे ती रक्कम तुमच्या सेटलमेंटमधून आधीच कापून ठेवतात. वरून तुम्ही रिफंड दिला, की ग्राहकाला दोनदा पैसे मिळतात. तुमचा माल जातो, पैसे दोनदा जातात आणि चार्जबॅकची फी वेगळी लागते. चूक तुमची असेल तर डॅशबोर्डवर डिस्प्यूट स्वीकारा आणि थांबा. रिफंड चार्जबॅकच्या आधीच दिलेला असेल, तर त्याची तारीख आणि रिफंडचा माग काढायला लागणारा एआरएन क्रमांक हाच तुमचा पुरावा. प्रकरण अजून नुसत्या चौकशीच्या टप्प्यावर असेल, तेव्हा मात्र रिफंड देऊन ते तिथेच मिटू शकतं. म्हणून ईमेलमध्ये नक्की काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. ही पाच मिनिटंही लोकांना जड जातात.

माझा सगळ्यात जास्त राग दुसऱ्या चुकीवर आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. एका ग्राहकाने बॅग घेतली आणि तीन आठवड्यांनी डिस्प्यूट टाकला. मी ट्रॅकिंग, सहीचा फोटो, कुरियरची पावती असं सगळं गोळा करून अकरा पानं पाठवली आणि निश्चिंत झालो. निकाल विरोधात गेला. मग डिस्प्यूटचं कारण सांगणारा रीझन कोड पाहिला. व्हिसाचा 13.3 होता, म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. बॅग मिळाली नाही असं तो म्हणतच नव्हता! त्यासाठी 13.1 हा वेगळा कोड आहे. विचारलं एक आणि मी सांगत बसलो भलतंच.

13.3 मध्ये तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ऑर्डरच्या दिवशी उत्पादनाच्या पानावर काय लिहिलं होतं, आपण नेमकं काय पाठवलं आणि ग्राहकाने माल परत करायचा प्रयत्न केला की नाही. लोक तिसरी गोष्ट हमखास विसरतात. माल परत केल्याशिवाय किंवा तसा प्रयत्न केल्याशिवाय ग्राहकाची बाजू लंगडी पडते. माझ्याकडे त्या ग्राहकाला पाठवलेला मेसेज होता. ‘परत पाठवा, पैसे देतो’ असं मी लिहिलं होतं आणि त्यावर त्याने काहीच उत्तर दिलं नव्हतं. तो एक स्क्रीनशॉट अकरा पानांना भारी पडला असता, आणि मी तो जोडलाच नाही. आता मी प्रत्येक ऑर्डरच्या दिवशीचं उत्पादनाचं पान पीडीएफ करून ठेवतो आणि पॅकिंगआधी फोटो काढतो. कंटाळवाणं आहे, मान्य.

‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असा डिस्प्यूट असेल, तर डिलिव्हरीची पावती एकटी पुरत नाही. पेमेंटच्या वेळी थ्री-डी सिक्युअरची, म्हणजे ओटीपीसारखी, पडताळणी झाली असेल, तर आधी तिची नोंद जोडा. अशा व्यवहारात फसवणुकीची जबाबदारी बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. पडताळणी झाली नसेल आणि ग्राहक जुना असेल, तर व्हिसाचा 2023 पासूनचा एक नियम कामी येतो. त्याच कार्डावरचे, वाद न झालेले, 120 ते 365 दिवसांपूर्वीचे दोन व्यवहार शोधायचे. आयपी पत्ता, डिव्हाइस, लॉगिन आणि डिलिव्हरीचा पत्ता यांपैकी निदान दोन गोष्टी सगळीकडे जुळाव्या लागतात, आणि त्यांतली एक आयपी किंवा डिव्हाइस असावी लागते. हे लॉग तुम्ही साठवत नसाल, तर मागाहून ते कुठूनही मिळणार नाहीत.

पुराव्यात लिंक देऊ नका. बँकेतला माणूस ती उघडत नाही, आणि कुरियरचं ट्रॅकिंग पानही काही दिवसांनी उडतं. स्क्रीनशॉट द्या, तारीख दिसू द्या.

ग्राहकाच्या नावाने पानभर राग काढू नका. मी पहिल्या अर्ध्या पानात फक्त तारखांचा क्रम लिहितो आणि प्रत्येक तारखेसमोर जोडपत्राचा क्रमांक टाकतो.

शेवटच्या रात्री अपलोड करू नका. डॅशबोर्डवरची मुदत कार्ड नेटवर्कच्या मुदतीपेक्षा कमी असते, आणि एकदा सबमिट केल्यावर बहुतेक ठिकाणी भर घालता येत नाही.

सेटलमेंट होल्ड, म्हणजे गेटवेने तुमचे पैसे अडवून ठेवणं, हे प्रकरण वेगळं. तिथे वाद एका ऑर्डरचा नसतो, गेटवेला तुमचीच शंका आलेली असते. विक्री अचानक वाढलेली असते, पैसे घेऊन माल अजून रवाना झालेला नसतो, किंवा खातं उघडताना सांगितलेला धंदा एक आणि चाललेला दुसराच असतो. रोज ‘पैसे कधी सोडणार’ विचारून काही होत नाही. अलीकडच्या ऑर्डरींची यादी, प्रत्येकीचं ट्रॅकिंग आणि माल घेतल्याची बिलं एकाच ईमेलमध्ये पाठवा आणि त्याच धाग्यात उत्तर देत राहा. काही शहाणे तोवर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने नवं खातं उघडतात. वेबसाइट तीच, बँक खातंही तेच, त्यामुळे तेही होल्डवर जातं.