गुजराती म्हणजे 'रेघ पुसलेली देवनागरी' नव्हे: वाचताना या चुका टाळा

आपल्याकडे कोकणात गुजराती अक्षरं दिसतात बरीच. वादळ आलं की गुजरातच्या बोटी देवगड बंदरात आसऱ्याला येतात त्यांच्यावरची नावं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, आणि डहाणूच्या पुढे गेलं की स्टेशनवरचे बोर्ड. मराठी येणाऱ्याला ही लिपी लवकर जमते हे खरंय, क्रम तोच, काना-मात्रा-वेलांटी जवळपास तीच, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लागते तीही आपल्यासारखीच. पण "वरची रेघ मनातल्या मनात ओढायची आणि वाचायचं" ही युक्ती घेऊन बसलात की लोक जिथे अडकतात तिथेच तुम्हीही अडकणार.

पहिली अडचण रेघेचीच. देवनागरीत ग, ण, श या अक्षरांचा दंडा डावीकडच्या भागापासून सुटाच असतो, दोघांना बांधून ठेवते ती वरची रेघ. गुजरातीत ती रेघच नाही, त्यामुळे ગ म्हणजे एक वळण आणि बाजूला एक मोकळा उभा दंडा, आणि डोळ्याला तो दंडा काना वाटतो. ઉમરગામ हा बोर्ड घ्या, आपलं उंबरगाव. મ दोन्हीकडे म सारखाच आहे, ર ओळखू येतो, पण ગા जवळ वळण, दंडा, परत दंडा असं दिसतं आणि माणूस गोंधळतो. इथे पहिला दंडा ગ चा स्वतःचा आणि दुसरा काना, एवढं कळलं की 'गाम' सरळ वाचता येतं. ગ, ણ, શ ही तीन अक्षरं पुढे काना लावून ગા, ણા, શા अशी पानभर लिहा, बाकी बाराखडी नंतर. रंगवलेल्या पाटीवर अक्षरांतलं अंतर कमीजास्त असतं आणि शब्द कुठे संपला हे सांगायला रेघ नसते, म्हणून तिथे आधी ही सुटी अक्षरं शोधायची.

दुसरी चूक म्हणजे सगळी अक्षरं सारख्याच मेहनतीने पाठ करणं. ન, ત, થ, મ, પ, વ, સ, હ ही बघितल्याबरोबर येतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. ક, ખ, ચ, જ, ઝ, ફ, બ, ભ यांच्यावर घालवा, यांचा देवनागरीशी मेळ लावायच्या नादाला लागू नका, नवीन चित्र म्हणून शिका. बहुतेक जण फसतात ते ક आणि ફ मध्ये, आणि ही चूक बऱ्याचदा कळतच नाही कारण चुकीचं वाचलेलंही अर्थपूर्ण निघतं. કેરી म्हणजे आंबा, तेच ફેરી वाचलं की फेरी, दोन्ही खरे शब्द. म्हणून आपल्या कामाचा शब्द घ्या: હાફૂસ કેરી. हापूसच्या पेटीवर हे दोन शब्द शेजारी असतात, पहिल्यात ફ दुसऱ्यात ક. હ, ા, સ, ર तुम्हाला आलेलेच आहेत, त्यामुळे उरलेली दोन अक्षरं एकमेकांसमोर उघडी पडतात, दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून बघा.

घ आणि ध ची गंमत वेगळी. आपण नकळत 'रेघ तुटली की ध' असंही ओळखतो, ती खूण इथे गेली. ઘ आणि ધ मध्ये फक्त डावीकडच्या वळणाकडे बघायचं, ઘર (घर) आणि ધંધો (धंदा) हे शब्द जवळजवळ लिहून. म आणि भ मध्ये मात्र त्रास नाही, ભ चा आकारच वेगळाय.

आकड्यांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि भाव वाचताना फसतात. ર (र) आणि ૨ (दोन) जवळपास एकच, પ (प) आणि ૫ (पाच) पण. म्हणजे पंचवीस रुपयांचं ૨૫ लिहिलेलं असलं तर वाचणारा 'रप' वाचतो. शेजारी रुपयाचं चिन्ह, किलो किंवा डझन आहे का ते बघा, असलं तर आकडा समजा. ૩ आणि ઉ बद्दलही तशीच शंका येते, शब्दाच्या सुरुवातीला असेल तर बहुधा ઉ.

स्वरांत એ, ઐ, ઓ, ઔ हे सगळे અ वर मात्रा-काना देऊनच लिहितात. सावरकरांच्या वळणाचं 'अे' ज्यांनी वाचलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल, बाकीच्यांनी आपला ए तिथे शोधू नये, त्याच्यासारखा स्वतंत्र आकार तिथे नाहीच.

शेवटी જ. याला काना किंवा दुसरी वेलांटी लागली की ती बाजूला नीट न बसता अक्षरातच मिसळते, જા आणि જી. म्हणून જીરું (जिरं) वाचताना पहिलंच अक्षर परकं वाटतं. રું मधला उकार मात्र आपल्या रु सारखाच र च्या मध्यावर असतो, त्यामुळे तो लगेच कळतो. જા, જી, રુ, રૂ ही चार रूपं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, ती बाराखडीच्या नियमाने येत नाहीत.