खात्यातून परस्पर पैसे गेले: शाखेला दिलेलं कोणतं पत्र कामी आलं

आईच्या बचत खात्यातून तिच्या नकळत यूपीआयने दोनदा पैसे गेले. पहिल्या पत्रात सगळी हकिकत होती, पण शाखेकडून "चौकशी सुरू आहे" एवढंच उत्तर येई. जीव मेटाकुटीला आला.

मग पासबुक समोर घेऊन पत्र नव्याने लिहिलं. विषयातच एकूण रक्कम टाकली, १४,९९८ रुपये. खाली ४,९९९ आणि ९,९९९ वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकीपुढे तारीख, वेळ आणि व्यवहार क्रमांक. त्यानंतर एसएमएस कधी आला, हेल्पलाइनला कधी कळवलं, तक्रार क्रमांक काय. ही ओळ सर्वांत मोलाची: रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसेल, तर सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला भुर्दंड नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिलेला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान मात्र ग्राहकाचंच. आईने दिला नव्हता, तसं स्पष्ट लिहिलं.

शेवटी "योग्य ती कारवाई करावी" काढून मागणी लिहिली: "कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत १४,९९८ रुपये तात्पुरते जमा करावेत, ९० दिवसांत तक्रार निकाली काढावी." आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. रक्कम मुदतीत जमा झाली.