बस गेली? बस गेली.

परभणीच्या स्टँडवर आपण ‘बस गेली?’ विचारतो तेव्हा शेवटी आवाज वर जातो, आणि ‘बस गेली.’ सांगताना खाली येतो. शब्द तेच. इंग्रजी वाचताना मात्र हेच आपण विसरतो आणि पाढे म्हटल्यासारखं सपाट वाचतो.

‘द बस लीव्ह्ज ॲट टेन’ यात जोर फक्त ‘बस’, ‘लीव्ह्ज’ आणि ‘टेन’वर द्या, ‘द’ आणि ‘ॲट’ पटकन उरका. ‘टेन’वर आवाज खाली. ‘डज द बस लीव्ह ॲट टेन?’ याचं उत्तर हो-नाही असल्यामुळे ‘टेन’वर आवाज सहसा वर.

खरी चूक पुढे होते. प्रश्नचिन्ह दिसलं की बरेच जण आवाज चढवतात. पण ‘व्हेन डज द बस लीव्ह?’ हा प्रश्न साधारणपणे ‘लीव्ह’वर खालीच उतरतो. ‘व्हेन’वरच आवाज चढवला, तर ‘कधी म्हणालात? ऐकू आलं नाही’ असा अर्थ निघतो.

तपासायचं असेल तर तोंड मिटून तिन्ही वाक्यं नुसती गुणगुणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. हो-नाहीचा प्रश्न ऐकून ओळखू आला नाही, तर वाचन अजून सपाटच आहे.